‘हाय’ मराठी की हिंदी? व्हिडिओतली भाषा नेमकी कुठे बदलते

आषाढी वारीत ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून एकाच दिवशी निघते आणि हडपसरला गाडीतळापाशी दोन्ही वाटा वेगळ्या होतात. ज्ञानोबांची पालखी दिवेघाटाच्या दिशेने सासवडकडे वळते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते. त्या काही तासांत गाडीतळावर कॅमेऱ्यांची दाटी असते. मराठी वाहिन्या असतात, हिंदी वाहिन्या असतात, मोबाइल काठीला लावून फिरणारे यूट्यूबवाले असतात आणि प्रोजेक्टसाठी आलेली कॉलेजची मुलंही असतात. प्रश्न हिंदीतून येतो, उत्तर मराठीत सुरू होतं, समोरच्याला कळावं म्हणून मध्येच हिंदीत जातं आणि शेजारून चाललेल्या सुनेला हाक मारायला पुन्हा मराठीत येतं. हडपसरला हे वारीपुरतं नाही. मगरपट्ट्यातल्या कंपन्या, औद्योगिक वसाहत, भाजीबाजार, रिक्षाथांबा, सगळीकडे एकाच तोंडातून दोन्ही भाषा वाहत असतात.

असा व्हिडिओ कुणाला अभ्यासायचा असेल तर पहिलं काम एकच असतं. कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंत मराठी आणि कुठे हिंदी, हे ठरवून त्याचे तुकडे पाडायचे. उपशीर्षकं करणाऱ्याला हे लागतं, कारण बोलणं आपोआप लिहून काढणारी यंत्रणा भाषा आधी सांगितली तर नीट चालते. समाजभाषेच्या अभ्यासकाला लागतं, कारण ‘आधी कोण वळलं’ हाच त्याचा प्रश्न असतो. मराठी-हिंदी म्हटलं की आपल्याकडे लगेच बाह्या सरसावल्या जातात. इथे मात्र प्रश्न कुणी कोणती भाषा बोलावी हा नाही, कुणी कोणती बोलली एवढाच आहे. आणि तोही दिसतो तेवढा सोपा नाही.

पहिली अडचण लिपीची. तमिळ-हिंदी किंवा बंगाली-हिंदी मिसळलेला मजकूर असेल तर निदान लिहून काढल्यावर अक्षरांवरून भाषा कळते. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे तो आधार गेला. दुसरी अडचण म्हणजे शब्दसाठ्याचा मोठा भाग सामाईक आहे. ‘पाणी’ आणि ‘पानी’, ‘तीन’ आणि ‘तीन’, ‘चार’ आणि ‘चार’, शिवाय बस, पोलीस, ट्रॅफिक, मोबाइल. एखाद्या सेकंदात एवढंच ऐकू आलं तर माणसालाही भाषा सांगता येणार नाही. यंत्राकडून तरी ती अपेक्षा का करावी?

मग फरक कळतो कशावरून? थोडा आवाजावरून, थोडा शब्दांवरून. आवाजाच्या बाजूने मराठीची ओळख पटवणारे काही ध्वनी आहेत. ‘वेळ’, ‘सगळे’, ‘गाडीतळ’ मधला ळ प्रमाण हिंदीत नाही. ‘चांगलं’, ‘जवळ’, ‘माझा’ मधले च, ज, झ दातांजवळून येतात आणि त्यांत स-सारखी सळसळ असते. ध्वनीच्या आलेखात ती वरच्या पट्टीत उमटलेली दिसते. हिंदीच्या बाजूने ‘मैं’, ‘में’, ‘हैं’, ‘नहीं’ यांतले नाकातले स्वर सतत येतात, मराठीने ते जवळजवळ टाकून दिले आहेत. हिंदीतला ‘है’ सरळ एकाच स्वरात संपतो, तर मराठी माणूस ‘ऐक’ म्हणताना अ-इ असे दोन स्वर जोडतो. हे ध्वनी दर सेकंदाला येतीलच असं नाही. म्हणून यंत्राला एका श्वासापेक्षा जास्त ऐकावं लागतं, आणि पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

काम कसं चालतं ते पायरीपायरीने पाहू. व्हिडिओतून आवाज वेगळा काढायचा, एकाच वाहिनीवर आणायचा आणि सेकंदाला १६,००० नमुने या वेगावर ठेवायचा. बहुतेक भाषा-ओळख यंत्रणा याच वेगावर शिकलेल्या असतात.

```
ffmpeg -i palkhi.mp4 -vn -ac 1 -ar 16000 palkhi.wav
```

त्यानंतर बोलणं आणि न-बोलणं वेगळं करायचं. गाडीतळावरच्या आवाजात टाळ-मृदंग, गाड्यांचे हॉर्न, लाउडस्पीकर आणि अभंग एकमेकांत मिसळलेले असतात. अभंग सर्वांत त्रासदायक, कारण ते माणसाचंच तोंड असतं आणि भाषाही असते, पण गाण्यात स्वर लांबतात आणि बोलण्यातल्या लयीवर शिकलेलं यंत्र गोंधळतं. गाण्याच्या भागाला ‘गायन’ अशी तिसरी खूण द्यावी आणि मोजणीतून बाहेर ठेवावं. तो मराठीच्या खात्यात टाकण्याचा मोह होतो, पण मग ‘लोक किती मराठी बोलले’ या प्रश्नाचं उत्तर भजनी मंडळीच ठरवून टाकतात.

आता खिडकी. यंत्र सलग आवाजावर एक ठरावीक लांबीची खिडकी सरकवतं आणि प्रत्येक ठिकाणी सांगतं की इथे मराठी असण्याची शक्यता इतकी. खिडकी ३ सेकंदांची ठेवून ती अर्ध्या अर्ध्या सेकंदाने पुढे सरकवणं ही चांगली सुरुवात आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने भाषा-ओळखीच्या ज्या स्पर्धा वर्षानुवर्षं घेतल्या त्यांत ३, १० आणि ३० सेकंदांचे तुकडे वेगवेगळे तपासले जात, आणि ३ सेकंदांवर चुका खूप वाढतात हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे ३० सेकंद ऐकलं तर यंत्र हुशार. पण तोवर गाडीतळावरच्या मावशी दोनदा भाषा बदलून मोकळ्या होतात.

शक्यता देणारं यंत्र स्वतः बनवायची गरज नाही. एस्टोनियातल्या टॅलिन इथल्या संशोधकांनी यूट्यूबवरून १०७ भाषांचं साडेसहा हजार तासांहून जास्त बोलणं गोळा केलं, त्याला व्हॉक्सलिंग्वा१०७ म्हणतात. त्यावर शिकलेली यंत्रणा फुकट मिळते आणि तिच्यात मराठी, हिंदी दोन्ही आहेत. पण ती आहे तशी लावली की पहिल्याच मिनिटात विचित्र प्रकार दिसतो. हिंदीच्या बऱ्याच खिडक्यांवर ती ‘उर्दू’ असं लिहिते. यात तिची फारशी चूक नाही. रोजच्या बोलण्यातली हिंदी आणि उर्दू आवाजावरून वेगळ्या करणं माणसालाही जमत नाही. म्हणून १०७ पैकी आपल्याला हव्यात तेवढ्याच भाषा ठेवायच्या, `hi` आणि `ur` यांची बेरीज करायची, ती `mr` समोर ठेवायची आणि दोघांची एकूण शक्यता १ होईल असा हिशेब नव्याने मांडायचा. एवढ्यानेच निम्मा गोंधळ मिटतो.

ओपनएआयने २०२२ साली खुली केलेली व्हिस्पर ही लिहून काढणारी यंत्रणा अनेक जण थेट वापरतात आणि फसतात. तिला भाषा सांगितली नाही तर ती नेहमीच्या वापरात पहिले ३० सेकंद ऐकून भाषा ठरवते आणि तीच पुढे सगळीकडे धरून चालते. व्हिडिओच्या सुरुवातीला हिंदी पत्रकाराची प्रस्तावना असेल तर पुढचं सगळं मराठी बोलणं हिंदीच्या साच्यात घातलं जातं. मजकूर वाचायला बरा दिसतो, हीच त्यातली पंचाईत. ‘चाललोय’चं ‘चल रहे’ झालेलं असतं आणि मूळ ऐकलं नाही तर कुणाला पत्ताही लागत नाही.

आता एक तुकडा जवळून पाहू. हा मी नमुन्यासाठी रचलेला आहे आणि त्यातले आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत, पण गाडीतळावर ज्याने कॅमेरा धरला आहे त्याला तो अनोळखी वाटणार नाही.

सुरुवातीला पत्रकार विचारतो, ‘माउली, आप लोग कहाँ से आए हैं?’ सहाव्या सेकंदाला परभणीकडच्या एक वारकरी मावशी बोलू लागतात, ‘आमी परभणीकडच्या. आळंदीवरनं चाललोय. पाय लई दुखत्यात, पन माउली चालवतीय.’ चौदाव्या सेकंदाला पत्रकार म्हणतो, ‘अच्छा, पैर दुख रहे हैं?’ सतराव्याला मावशी त्याच्यासाठी हिंदीत येतात, ‘हां, पैर दुखते ना, लेकिन क्या करते, माउली बुलाती तो आना पडता.’ पंचविसाव्या सेकंदाला त्यांचं लक्ष दुसरीकडे जातं, ‘अगं ए, तिकडं कुठं चाललीस? इकडं थांब!’ अठ्ठाविसाव्याला पुन्हा कॅमेऱ्याकडे वळून, ‘वो मेरी नणंद है, हमेशा आगे भागती.’

सहाव्या आणि चौदाव्या सेकंदाच्या सीमा सोप्या आहेत, कारण तिथे भाषेबरोबर माणूसही बदलतो. आवाज बदलला की यंत्राला सीमा सापडते. पण हाच एक सापळा आहे. यंत्राला वाटतं भाषा बदलली, प्रत्यक्षात फक्त माइक एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला असतो. भाषा ओळखणाऱ्या यंत्रणा भाषेबरोबर बोलणाऱ्याचा आवाज, माइकचा प्रकार आणि मागचा गोंगाटही नकळत शिकलेल्या असतात. याची तपासणी सोपी आहे. कोण कधी बोललं याची वेगळी नोंद करा आणि यंत्राने सांगितलेल्या भाषा-सीमांपैकी किती बोलणारा बदलण्याच्या जागी पडतात ते पाहा. जवळजवळ सगळ्याच तिथे पडत असतील तर यंत्र माणूस ओळखतंय, भाषा नव्हे. खरी परीक्षा पंचविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या सेकंदाची आहे, जिथे माणूस एकच आहे.

पंचविसाव्या सेकंदाचा हिशेब करून पाहू. नणंदेला मारलेली हाक ३ सेकंदांची. आपली खिडकीही ३ सेकंदांची. म्हणजे पूर्णपणे हाकेच्या आत बसणारी खिडकी एकच. तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या खिडक्यांत थोडी हिंदी मिसळलेलीच असणार. समजा मधल्या खिडकीत मराठीची शक्यता ०.८५ आली, शेजारच्या दोन्हीत ०.७० आणि त्यापलीकडे निम्मी-निम्मी. शक्यता गुणत बसण्यापेक्षा मराठी आणि हिंदीच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घेतात, म्हणजे पुराव्याच्या गुणांची बेरीज करता येते. ०.८५ चे गुण सुमारे १.७, ०.७० चे सुमारे ०.८५. मराठीच्या बाजूने एकूण ३.४.

हे गुण पुरेसे आहेत का, हे आपण यंत्राला आधी काय सांगितलं आहे यावर ठरतं. प्रत्येक खिडकीवर नुसतं ‘जास्त शक्यता कोणाची’ असं विचारलं तर उत्तर अर्ध्या अर्ध्या सेकंदाला फडफडत राहतं. म्हणून भाषा बदलण्याला दंड ठेवतात आणि संपूर्ण व्हिडिओभर ज्या वाटेने एकूण गुण सर्वांत जास्त होतील ती वाट निवडतात. या पद्धतीला व्हिटर्बी म्हणतात. लोक सरासरी २५ सेकंद एका भाषेत राहतात असं धरलं, तर अर्ध्या सेकंदाच्या पायरीला बदलाची शक्यता ५० त १, आणि एका बदलाचा दंड येतो सुमारे ३.९ गुण. हाकेसाठी मराठीत जायचं आणि परत यायचं, म्हणजे दोन बदल, दंड ७.८. पुरावा ३.४. हाक गिळली जाते, आणि यादीत चौदाव्या सेकंदापासून पुढे सलग हिंदी दिसते.

मग दंड कमी करू या. सरासरी ५ सेकंदांवर भाषा बदलते असं धरलं तर एका बदलाचा दंड २.२, दोन्हीचा ४.४. तरी पुरावा कमीच पडतो. म्हणजे दोष एकट्या दंडाचा नाही, खिडकीचाही आहे. खिडकी १ सेकंदाची केली तर हाकेच्या पूर्ण आत पाच खिडक्या बसतात. छोट्या खिडकीची खात्री कमी, म्हणून प्रत्येकीत ०.७५ धरू, तिचे गुण १.१. पाचांचे ५.५, दंड ४.४. हाक वाचली. (शेजारच्या खिडक्यांत तोच आवाज पुन्हा मोजला जातो, त्यामुळे हे गुण थोडे फुगलेले असतात. दंड किती ठेवायचा हे म्हणूनच कागदावर न ठरवता, हाताने खुणा केलेल्या भागावर चालवून ठरवावं.)

पण १ सेकंदाच्या खिडकीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ‘हां, पैर दुखते ना’ हा तुकडा पाहा. त्यात ‘है’ नाही, स्वर मराठी वळणाचे, ‘ना’ दोन्हीकडे चालणारा. एका सेकंदापुरतं ऐकलं तर यंत्र त्याला मराठी म्हणून मोकळं होतं. आणि मावशींसारख्यांच्या खऱ्या मराठीतही उलटी चूक घडते. गावाकडच्या बोलीत ‘आहे’चं ‘हाय’ होतं. ‘तुमचं गाव कुठं हाय?’ यातला ‘हाय’ घाईत आणि गोंगाटात हिंदी ‘है’च्या इतक्या जवळ जातो की छोटी खिडकी तिथे फसते. ‘न्हाई’ आणि ‘नहीं’ यांची गंमतही तीच.  परभणीकडचं बोलणं या यंत्रणांनी किती ऐकलं असेल?

इथे शब्दांची मदत घ्यावी लागते. आवाजाचा तुकडा दोनदा लिहून काढायचा, एकदा ‘ही मराठी आहे’ असं सांगून आणि एकदा ‘ही हिंदी आहे’ असं सांगून, आणि यंत्रणेला कोणत्या वेळी स्वतःच्या लिहिण्याची जास्त खात्री होती ते पाहायचं. दोन्हीपैकी एकाच मजकुरावर विसंबलं की व्हिस्परबाबत सांगितला तोच घोळ होतो. मग त्या मजकुरात नामं न बघता बारके शब्द आणि प्रत्यय शोधायचे. नामं दोन्हीकडून उसनी जातात. बारके शब्द सहसा जात नाहीत. आहे, नाही, मी, पण, आणि, -ला, -चा एकीकडे; है, नहीं, मैं, लेकिन, और, को, के दुसरीकडे. हाकेच्या तीन सेकंदांत ‘तिकडं’, ‘चाललीस’, ‘थांब’ असे तीन साक्षीदार सापडतात आणि आवाजाचा पुरावा दुबळा असला तरी हाक मराठीतच राहते. पुढच्या वाक्यातल्या ‘नणंद’ या शब्दाने मात्र हुरळून जायचं नाही. ‘वो’, ‘मेरी’, ‘है’ हा सांगाडा हिंदीचा आहे, आत एक मराठी नातं बसवलंय इतकंच. भाषाशास्त्रज्ञ कॅरल मायर्स-स्कॉटन यांनी १९९३ साली हीच गोष्ट सिद्धान्त म्हणून मांडली. मिश्र वाक्याला चौकट एका भाषेची असते आणि दुसरी भाषा त्या चौकटीत शब्द पुरवते. तुकडे पाडताना चौकट मोजावी. तसं केलं नाही तर ‘मी कन्फर्म करतो’ हे वाक्य तीन तुकड्यांत मोडून ठेवावं लागेल आणि त्याचा कुणालाच उपयोग नाही.

बारक्या शब्दांची यादी करताना पुस्तकी मराठी डोळ्यांपुढे ठेवली तर ती चालत नाही. बोलताना ‘आहे’ बऱ्याचदा सुटा येत नाही. तो ‘आलाय’, ‘गेलीय’, ‘चाललंय’ यांच्या शेपटाला चिकटलेला असतो. आणि काही शब्द साक्षीला घेऊच नयेत. ‘का’ मराठीत प्रश्न विचारतो, हिंदीत षष्ठीचा प्रत्यय आहे. ‘की’ दोन्हीकडे आहे, ‘ना’ दोन्हीकडे आहे. ‘आता’ मराठीत ‘या क्षणी’, तर हिंदीत ‘येतो’. या शब्दांना शून्य गुण द्यावेत.

पण मावशींच्या हिंदीचं काय करायचं? ‘क्या करते’, ‘आना पडता’, ‘आगे भागती’. प्रमाण हिंदीचा मास्तर कपाळाला हात लावेल, पण महाराष्ट्रात ही हिंदी रोज बोलली जाते. याचा शास्त्रीय मागोवा आपल्याच राज्यात घेतला गेला आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली दाखवून दिलं की तिथल्या या भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली आहे की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. वेगळे उरतात ते मुख्यतः शब्द आणि प्रत्यय. हडपसर म्हणजे कुपवाड नव्हे. पण आपल्या कामासाठी त्यातून निघणारी गोष्ट पक्की आहे. शब्दांच्या क्रमावरून किंवा वाक्याच्या चालीवरून मराठी-हिंदी ठरवायला जाऊ नये. चाल मराठीची आणि शब्द हिंदीचे, हे इथलं नेहमीचं आहे.

आवाजाच्या बाजूनेही यावर एक उपाय आहे. मावशींची हिंदी लखनौच्या हिंदीशी ताडून पाहिली तर ती कायम मराठीकडे झुकलेली दिसणार. म्हणून एकाच माणसाच्या सगळ्या बोलण्याची सरासरी काढायची आणि त्या सरासरीच्या मानाने तो कधी वर गेला, कधी खाली आला हे पाहायचं. मराठीत बोलताना त्यांचा आकडा ०.९५ आणि हिंदीत ०.६० असेल, तर ०.५० ची सरकारी रेघ निरुपयोगी आहे. त्यांची स्वतःची रेघ ०.७८ च्या आसपास आहे. अट एवढीच की त्या माणसाने व्हिडिओत दोन्ही भाषा बोललेल्या असाव्यात. केवळ मराठी बोललेल्या माणसावर ही युक्ती चालवली तर त्याच्या शुद्ध मराठीतला निम्मा भाग हिंदीत जमा होईल.

सीमा सापडली तरी ती नेमक्या सेकंदावर बसवायची असते. खिडकी सीमेवरून जाताना आकडा हळूहळू घसरतो, त्यामुळे अर्धा-एक सेकंद इकडेतिकडे होतंच. जवळचा श्वास किंवा थांबा शोधून सीमा तिथे सरकवणं हा रूढ उपाय आहे आणि बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो, कारण लोक वाक्य संपवून भाषा बदलतात. पण ‘इधर से नहीं भाऊ, तिकडून जा’ हे रिक्षावाला एका दमात म्हणतो. अशा जागी थांबा शोधला तर सीमा वाक्याच्या टोकाला जाऊन बसते. तिथे लिहून काढलेल्या शब्दांच्या वेळा वापराव्यात.

शेवटी जी यादी तयार होते ती साधी असते. ऑडॅसिटीमध्ये खुणा म्हणून उघडता येईल असा नमुना:

```
0.0	6.0	hi
6.0	14.0	mr
14.0	25.0	hi
25.0	28.0	mr
28.0	32.0	hi
```

ही यादी बरोबर आहे का, हे कसं कळणार? इलान हे मोफत साधन आहे, नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथल्या माक्स प्लांक संस्थेत तयार झालेलं. त्यात व्हिडिओ बघत बघत हाताने खुणा करता येतात. व्हिडिओचा थोडा भाग, तोही सुरुवातीचा न घेता मधून मधून उचललेला, दोघांनी एकमेकांच्या खुणा न पाहता खुणावायचा. जिथे या दोघांचंच जमत नाही तिथे यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानंतर दोन वेगळे आकडे काढायचे: एकूण वेळेपैकी किती वेळ बरोबर, आणि खऱ्या सीमांपैकी किती सीमा अर्ध्या सेकंदाच्या आत सापडल्या.

पहिल्या आकड्यावर एकट्यावर कधीही विश्वास ठेवू नये. दहा मिनिटांच्या हिंदी मुलाखतीत अडीच अडीच सेकंदांच्या बारा मराठी हाका असतील तर त्या मिळून ३० सेकंद झाल्या. यंत्राने डोळे मिटून सगळ्या व्हिडिओला हिंदी म्हटलं तरी ते ९५ टक्के बरोबर ठरतं आणि एकही वळण सापडलेलं नसतं. अहवालात ९५ टक्के झळकतात. अशा अहवालांवरून ‘इथे मराठी जवळजवळ बोललीच जात नाही’ असा निष्कर्ष काढणं किती सोपं आहे, हे वेगळं सांगायला नको.

भारतात या विषयावर काम होतंय. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२३ मध्ये ‘डिस्प्लेस’ नावाची स्पर्धा घेतली. तिच्यात एका खोलीतल्या मोकळ्या गप्पा दिल्या होत्या. कोण बोललं आणि कोणत्या भाषेत बोललं ही दोन्ही कामं वेगवेगळी तपासली गेली. त्याआधी २०२१ मध्ये भारतीय भाषांच्या उच्चार-ओळखीची एक मोठी स्पर्धा झाली, तिच्यात मराठी आणि हिंदी दोन्ही होत्या, पण प्रत्येकी स्वतंत्र. मिश्र बोलण्याच्या विभागात हिंदी-इंग्रजी आणि बंगाली-इंग्रजी एवढंच होतं. गाडीतळावर सर्रास ऐकू येणारी मराठी-हिंदीची जोडी तिथे नव्हती.

म्हणून पुढच्या आषाढात हडपसरला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना एक विनंती. प्रश्न विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला वेगवेगळे कॉलर-माइक लावा आणि दोन्हींचे आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. बोलणाऱ्याचं गाव विचारून नोंदवा. नाव नोंदवू नका, पण बोलणं अभ्यासाला वापरायची त्याची परवानगी घ्या. आणि संकलन करताना नणंदेला मारलेली हाक कापू नका.